खंड, महासागर आणि भूरूपं: ‘रिकाम्या जागा भरा’ वर्कशीटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी मी हे एका पानाचं वर्कशीट बनवलंय, दहा वाक्यं आणि खाली शब्दांची चौकट. बऱ्याच पालकांनी आणि शिक्षकांनी वापरून बघितलं आणि तेच तेच प्रश्न परत परत आले, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते.

आधी वर्कशीट दाखवा ना, त्यात नक्की काय आहे?

हे घ्या, पूर्ण पानच देते.

१. आपण ______ या खंडात राहतो.
२. पृथ्वीवर एकूण ______ खंड आहेत.
३. सगळ्यात मोठा महासागर म्हणजे ______ महासागर.
४. आपल्या देशाच्या दक्षिणेला ______ महासागर आहे.
५. जवळजवळ सगळा बर्फाखाली असलेला खंड म्हणजे ______.
६. सहारा वाळवंट ______ या खंडात आहे.
७. ज्या जमिनीच्या चारही बाजूंना पाणी असतं तिला ______ म्हणतात.
८. ज्या जमिनीच्या तीन बाजूंना पाणी असतं तिला ______ म्हणतात.
९. उंचावर असलेल्या पण वरून सपाट असलेल्या जमिनीला ______ म्हणतात.
१०. दोन डोंगरांच्या मधल्या खोल भागाला ______ म्हणतात.

चौकटीतले शब्द: पठार, हिंदी, आफ्रिका, सात, बेट, युरोप, अंटार्क्टिका, दरी, पाच, पॅसिफिक, पर्वत, आशिया, द्वीपकल्प.

जागा दहा आणि शब्द तेरा, हे चुकून झालंय का?

नाही, मुद्दाम ठेवलेत. दहा जागांना दहाच शब्द दिले की शेवटची जागा मूल विचार न करता भरतं, नऊ झाले की उरलेला एक शब्द तिथे टाकायचा एवढंच राहतं. आणि त्यातून दुसरा घोळ असा की आधी कुठे एक चूक झाली असेल तर शेवटची जागासुद्धा आपोआप चुकते, मग दोन चुका दिसतात पण खरी चूक एकच असते. म्हणून पाच, युरोप आणि पर्वत हे तीन शब्द जास्तीचे आहेत. यातला ‘पाच’ तर लागतोच, कारण अख्ख्या चौकटीत आकडा सांगणारा शब्द एकटा ‘सात’ असला तर दुसऱ्या वाक्याचं उत्तर न वाचताच कळतं.

पण तीनपेक्षा जास्त शब्द घालू नका. सात वर्षांच्या मुलाला वीस शब्द परत परत वाचून शोधायला लावलं की त्याचा सगळा जीव वाचण्यात जातो, भूगोल बाजूलाच राहतो.

‘आपण आशिया या खंडात राहतो’ असं कोण बोलतं? सरळ ‘आशिया खंडात’ का नाही लिहिलं?

बोलताना आपण ‘आशियात राहतो’ म्हणतो, बरोबर. पण इथे मराठीची एक अडचण आहे, ती वर्कशीट बनवताना पहिल्याच दिवशी आडवी येते. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. चौकटीत ‘डोंगर’ दिला आणि वाक्यात ‘कळसूबाईच्या ______ चढलो’ लिहिलं की मुलाला ‘डोंगरावर’ असं करून लिहावं लागतं, मग ते ‘डोंगर’ एवढंच लिहितं आणि मोठ्यांना कळत नाही की हे चूक धरायचं की बरोबर. मुलाला उत्तर माहीत होतं, अडलं ते सामान्यरूपापाशी. म्हणून वाक्य अशा पद्धतीने लिहायचं की चौकटीतला शब्द जसाच्या तसा बसेल. ‘या खंडात’ मधला ‘या’ तेच काम करतो, प्रत्यय ‘खंड’ला लागतो आणि आशिया तसाच राहतो. ‘तिला ______ म्हणतात’ ही रचनाही त्यासाठीच आहे.

याच्या उलटी चूकसुद्धा होते, म्हणजे वाक्यच उत्तर फोडतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘पाण्याने वेढलेलं असतं ते ______’ आणि ‘वरून सपाट असतो तो ______’ अशी वाक्यं होती. ‘ते’ म्हटल्यावर मुलांच्या कानाला बेट बरोबर वाटतं आणि पर्वत खटकतो, त्यांना लिंग-बिंग शिकवलेलं नसलं तरी कान तयार असतो. पठारच्या वाक्यात तर ‘तो’ लिहिल्यामुळे ज्यांना उत्तर येत होतं तीच मुलं ‘पर्वत’कडे वळली, कारण पठार हे ‘ते’ आहे. आता सातव्यापासून दहाव्यापर्यंत वाक्यं जमिनीबद्दल किंवा भागाबद्दल आहेत, त्यामुळे उत्तराचं लिंग आधी उघड होत नाही.

चौथ्या वाक्यात माझ्या मुलीने ‘श्रीलंका’ लिहिलं. चूक द्यायची का?

ती जागेच्या पुढचा ‘महासागर’ शब्द न वाचता थांबली असणार. आधीचं वाक्य ‘भारताच्या दक्षिणेला ______ आहे’ एवढंच होतं आणि चौकटही नव्हती, तेव्हा श्रीलंका आलं, समुद्र आलं, केरळसुद्धा आलं. श्रीलंका पूर्ण बरोबर आहे, समुद्रही बरोबर. ती चूक वाक्याची होती, एका जागेत दोन-तीन खरी उत्तरं बसत असतील तर ती जागा बिघडलेली आहे असं समजायचं. म्हणून जागेच्या पुढे ‘महासागर’ जोडला.

आता तरीही श्रीलंका आलं असेल तर तिला वाक्य मोठ्याने वाचायला लावा, ‘श्रीलंका महासागर’ असं तोंडातून आलं की ती स्वतःच थांबेल. नकाशा तिला माहीत आहे हे तर दिसतंच आहे.

असाच प्रकार दहाव्याचा झाला होता. आधी लिहिलं होतं ‘दोन डोंगरांच्या मधल्या जागेला काय म्हणतात’ आणि चौकट न देता विचारलं तर एका मुलाने खिंड लिहिलं आणि घाटाजवळ राहणाऱ्या एका मुलीने घाट. दोघंही आपापल्या जागी खरे, पावनखिंड प्रत्येक मुलाला माहीत असते आणि डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याला आपण घाटच म्हणतो. ‘खोल भाग’ हे शब्द तेव्हा आले. खिंड ही डोंगररांगेतली पलीकडे जायला मिळणारी खालची जागा, आणि दरी म्हणजे दोन बाजूंच्या उतारांमधला खोलगट भाग, जिच्या तळाशी बहुतेक वेळा ओढा किंवा नदी असते.

‘सगळ्यात मोठं वाळवंट’, ‘सगळ्यात लांब नदी’, ‘सगळ्यात उंच पर्वत’ हे प्रश्न का नाहीत? मुलांना असले प्रश्न आवडतात.

आवडतात, मलाही आवडतात, पण या तिन्हींचं एकच उत्तर देता येत नाही. वाळवंट म्हणजे जिथे पाऊस किंवा बर्फ फारच कमी पडतो ती जागा, त्या हिशोबाने अंटार्क्टिका हे सगळ्यात मोठं वाळवंट आहे आणि सहारा हे सगळ्यात मोठं उष्ण वाळवंट. नाईल लांब की अ‍ॅमेझॉन यावर मोजणाऱ्यांचंच एकमत नाही. आणि उंच पर्वत म्हटलं की निम्मी मुलं हिमालय लिहितात निम्मी एव्हरेस्ट, हिमालय ही पर्वतरांग आणि एव्हरेस्ट तिच्यातलं एक शिखर. विचारायचंच असेल तर ‘जगातलं सगळ्यात उंच शिखर’ असं विचारा, मग एकच उत्तर उरतं. (२०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर आहे, पण हा आकडा मुलांकडून पाठ करून घेऊ नका, आपलं कळसूबाई १६४६ मीटर म्हणजे एव्हरेस्ट साधारण पाच कळसूबाईंएवढं, हे सांगितलं की डोळे मोठे होतात.)

महासागर चार की पाच? मी शाळेत चार शिकलो होतो.

पाच धरा: पॅसिफिक, अटलांटिक, हिंदी, दक्षिण आणि आर्क्टिक. पाणी सगळं एकमेकांना जोडलेलंच आहे, नावं आणि सीमा माणसांनी सोयीसाठी ठरवल्यात. अंटार्क्टिकाभोवती पाण्याचा एक थंड प्रवाह गोल फिरत राहतो, त्यामुळे तिथलं पाणी उत्तरेकडच्या पाण्यापेक्षा वेगळं आहे, म्हणून त्याला दक्षिण महासागर असं वेगळं नाव देतात. नॅशनल जिओग्राफिकच्या नकाशांवर हा पाचवा महासागर २०२१ पासून दाखवला जातो. जुन्या पुस्तकात चार दिसले तर ते पुस्तक चुकीचं आहे असं मुलाला सांगू नका, मोजायची पद्धत बदलली असं सांगा. या वर्कशीटमध्ये महासागर किती हा प्रश्नच ठेवला नाही कारण घरात चार आणि शाळेत पाच असं झालं की मूल मधल्यामध्ये अडकतं.

मग खंड सात हे तरी पक्कं ना? आम्ही मेक्सिकोत असतो, इथे मुलाला वेगळंच शिकवतात.

भारतात सातच शिकवतात. पण लॅटिन अमेरिकेत अमेरिका हा एकच खंड मानून शिकवायची पद्धत आहे, त्यामुळे तुमच्या मुलाने दुसऱ्या वाक्यात अडखळणं साहजिक आहे. त्याच्यासाठी ते वाक्य ‘भारतातल्या शाळेत एकूण ______ खंड शिकवतात’ असं करून घ्या.

मुलाला खंड, देश, राज्य यात फरकच कळत नाही. पहिल्या वाक्यात ‘महाराष्ट्र’ लिहिलं!

ही या वयातली सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि हिच्यावर जरा वेळ द्यायला हवा, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होतं. मुलाच्या दृष्टीने ‘आपण कुठे राहतो’ या प्रश्नाला पुणे, महाराष्ट्र, भारत, आशिया ही सगळी खरी उत्तरं आहेत आणि ती खरंच खरी आहेत! एक जागा दुसरीच्या आत असते हे त्याला अजून दिसलेलं नाही.

घरात एकात एक बसणारे डबे असतात ना, ते काढा. सगळ्यात छोट्या डब्यावर चिठ्ठी लावा ‘आपलं घर’, मग गाव, जिल्हा, महाराष्ट्र, भारत, आशिया आणि सगळ्यात मोठ्यावर पृथ्वी. सात डबे नसले तर पाचावर भागवा, जिल्हा आणि गाव गाळा. मुलाला स्वतःला एकात एक बसवू दे. मग विचारा की भारताच्या डब्याबाहेर पण आशियाच्या डब्यात अजून कोण बसेल, आणि त्याच्या ओळखीचं काहीतरी येऊ द्या, नेपाळ, जपान, दुबईला असलेली आत्या. आत्याची दुबई पण आशियातच आहे हे ऐकून बऱ्याच मुलांना आश्चर्य वाटतं, कारण विमानाने जावं लागतं म्हणजे दुसरा खंड असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

हे करून दोन दिवसांनी परत तेच वाक्य द्या, लगेच नको, लगेच दिलं तर नुसतं आठवून लिहितात.

नकाशा बघून भरू द्यायचं की न बघता?

पहिल्यांदा बघूनच. फक्त भिंतीवरच्या सपाट नकाशाने काही गैरसमज होतात ते आधी दूर करा. आपल्याकडच्या बहुतेक नकाशात पॅसिफिक मधोमध कापलेला असतो, थोडा डाव्या कडेला, थोडा उजव्या कडेला. मुलं त्याला दोन वेगळे समुद्र समजतात आणि मग सगळ्यात मोठा महासागर म्हणून अटलांटिककडे बोट दाखवतात, कारण तो मध्ये अखंड दिसतो. छोटा नकाशा झेरॉक्स करून घ्या, त्याची नळी करा आणि दोन्ही कडा जोडा, पॅसिफिक एक होतो. तो इतका मोठा आहे की पृथ्वीवरची सगळी जमीन त्यात ठेवली तरी जागा उरेल.

दुसरं म्हणजे ग्रीनलंड. सपाट नकाशावर ते आफ्रिकेएवढं दिसू शकतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, अंटार्क्टिका खाली लांबलचक पट्टी दिसते तीही त्यामुळेच. पृथ्वीगोल मिळाला तर दोन मिनिटं तो हातात द्या, अंटार्क्टिका खालून बघितला की कळतं तो गोलसर आहे.

इंटरनेटवरून नकाशा घेताना भारताची सीमा नीट तपासा, बऱ्याच परदेशी नकाशांमध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा आपल्यापेक्षा वेगळी काढलेली असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी ताडून बघा, वर्गात वाटायचं असेल तर नक्कीच.

बेट आणि द्वीपकल्प सतत उलटसुलट होतात, काय करू?

आधी ‘द्वीपकल्प’ हा शब्द फोडून सांगा. द्वीप म्हणजे बेट आणि द्वीपकल्प म्हणजे बेटासारखं, पण पूर्ण बेट नाही. शब्दातच उत्तर आहे. मग एक पसरट ताट घ्या, ओल्या मातीचा एक गोळा मधोमध ठेवा आणि दुसरा ताटाच्या कडेला चिकटवून पुढे काढलेला ठेवा, आणि हळूहळू पाणी ओता. आता एक मुंगी मधल्या गोळ्यावर आहे आणि एक कडेच्या, पाय न भिजवता बाहेर कोण येईल? कडेची येईल, ते द्वीपकल्प. मधलीला होडी लागेल, ते बेट. हा मुंगीचा प्रश्न मुलं विसरत नाहीत.

मग खऱ्या जागा. मुरुडजवळचा जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग बेटावर आहेत, होडीनेच जावं लागतं. पण सगळी उदाहरणं समुद्रातली देऊ नका, नाहीतर बेट समुद्रातच असतं असं बसतं डोक्यात. गोव्याच्या मुलांना दिवाडी माहीत असतं, मांडवी नदीतलं बेट, फेरीबोटीने जातात. म्हणूनच सातव्या वाक्यात ‘पाणी’ लिहिलंय, ‘समुद्र’ नाही. द्वीपकल्पासाठी आपला भारतच घ्या, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला हिंदी महासागर.

मुंबईचं उदाहरण मात्र या वयात टाळा. तिथे सात बेटं होती, मधल्या खाड्या बुजवून ती जोडली, गोष्ट फार छान आहे पण बेट अजून पक्कं नसलेल्या मुलाचा गोंधळ वाढतो.

‘मग ऑस्ट्रेलिया पण बेटच ना?’ असं मुलाने विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न फार चांगला आहे. चारही बाजूंना पाणी आहे हे बरोबर, पण इतक्या मोठ्या जमिनीला खंड म्हणायचं असं ठरलंय. ऑस्ट्रेलिया सगळ्यात लहान खंड आणि ग्रीनलंड सगळ्यात मोठं बेट. मुलाला ‘तुझं बरोबर आहे, पण खूप मोठं झालं की नाव बदलतं’ एवढं सांगितलं तरी चालेल.

पठार कसं समजवायचं? शहरात तर काही दिसत नाही.

पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात, सोलापुरात राहत असाल तर तुम्ही पठारावरच उभे आहात, दख्खनच्या पठारावर, फक्त ते इतकं पसरलंय की उभं राहून दिसत नाही. कळतं ते खाली उतरताना. पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळ्यापर्यंत रस्ता फारसा खाली जात नाही आणि मग बोरघाटात एकदम उतार लागतो, कान दडतात, खाली कोकण येतं. तो उतार म्हणजे पठाराची कडा. उलट कोकणातून घाट चढून वर आलात की पलीकडे तेवढंच उतरावं लागत नाही, वर सपाटीच लागते. पुढच्या प्रवासात मुलाला खिडकीपाशी बसवून हे दाखवा.

छोटं, एका नजरेत मावणारं पठार बघायचं असेल तर पाचगणीचं टेबललँड, नावातच टेबल आहे. पर्वत आणि पठार यातला फरक मुलांना एका प्रश्नात कळतो: ‘सगळ्यात वर क्रिकेट खेळता येईल का?’ तिसरीपर्यंत तेवढं पुरे.

डोंगर, टेकडी, पर्वत यात फरक किती मीटरचा?

सगळीकडे चालेल असा एक आकडा नाही, म्हणून हा प्रश्न ठेवला नाही. एखाद्या शीटवर ६०० मीटर वगैरे दिसलं तर तो सोयीसाठी धरलेला आकडा आहे.

अंटार्क्टिका लिहिताना मुलगा रडकुंडीला येतो.

येणारच, ‘र्क्टि’ हे या पानावरचं सगळ्यात अवघड जोडाक्षर आहे. दुसरीच्या मुलासाठी चौकटीतल्या शब्दांना क्रमांक द्या आणि जागेत फक्त क्रमांक लिहू दे, किंवा शब्द कापून चिकटवू दे. शुद्धलेखनाचे मार्क इथे कापू नका, ‘अंटारटिका’ लिहिलं तर त्याला खंड माहीत आहे. आणि हो, तिथे कोणीच राहत नाही असं सांगू नका, कायमची वस्ती नाही असं सांगा. भारताची मैत्री आणि भारती ही दोन संशोधन केंद्रं तिथे आहेत आणि आपले शास्त्रज्ञ तिथे जाऊन राहतात.

प्रिंट काढताना काही लक्षात ठेवायचं का?

सगळ्या रिकाम्या रेघा एकाच लांबीच्या ठेवा, साधारण पाच सेंटीमीटर. शब्दाच्या मापाने रेघ लहानमोठी केली तर मुलं रेघ बघून ‘बेट’ आणि ‘द्वीपकल्प’ ओळखतात. दोन ओळींत अंतर भरपूर सोडा, मुलांचं अक्षर मोठं असतं, वेलांट्या वर जातात उकार खाली येतात. सोबत नकाशा देत असाल तर निळा रंग झेरॉक्समध्ये राखाडी होतो आणि जमीन कुठली पाणी कुठलं कळत नाही, त्यापेक्षा पाण्यावर बारीक लाटांच्या रेघा असलेला काळापांढरा नकाशा घ्या आणि निळा रंग मुलांनाच भरू दे.

दहापैकी सात आले, पुढे काय?

मार्कांपेक्षा कुठले तीन चुकले ते बघा. माझ्याकडच्या एका पानाचं सांगते. पहिल्यात ‘आफ्रिका’, सहाव्यात ‘आशिया’, आठव्यात ‘बेट’, बाकी सगळं बरोबर, अगदी सातव्यातही ‘बेट’च. पहिला आणि सहावा म्हणजे दोन नावांची अदलाबदल, दोन्ही ‘आ’ने सुरू होतात आणि मुलगा पहिलं अक्षर बघून उचलत होता, हे वाचनाचं आहे. खात्री करायला मी त्याला नकाशावर भारत असलेला खंड बोटाने दाखवायला सांगितलं, त्याने लगेच आशिया दाखवला. आठव्यात एकदा वापरलेला शब्द परत वापरला, म्हणजे तीन बाजू आणि चार बाजू यातला फरक त्याला नव्हता कळला. त्याच्यासोबत ताट-मातीचं केलं आणि तीन दिवसांनी फक्त सातवं-आठवं वाक्य क्रम उलटा करून दिलं, आधी तीन बाजूंचं. बरोबर आलं. मग चौकट झाकून तेच दोन विचारले, तेव्हा चार बाजूंच्या वाक्यात ‘बेट’ लिहिलं आणि तीन बाजूंच्या वाक्यात ‘बेटासारखं’. ते मी बरोबर धरलं.